आमची वाटचाल: अळूवडी, काउंटर आणि एक घंटी

आमच्या सांगलीच्या पोळी-भाजी केंद्रात मंगळवारी आणि शुक्रवारी अळूवडी असते. चारला तळून येते, पाचला ताट रिकामं. त्या दोन दिवशी फोन थांबायचा नाही. "वहिनी, अळूवडी आहे का?" हात कणकेत, फोन घेणार कोण?

म्हणून व्हॉट्सॲप चॅनेल काढलं. ग्रुप नको होता. त्यात सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात आणि सकाळी सुप्रभातची फुलं सुरू होतात. चॅनेलच्या लिंकचा क्यूआर बनवून तो पैशाच्या क्यूआरशेजारीच चिकटवला, आणि तिथेच फसलो. गिऱ्हाईक आधीच पैसे भरायचं ॲप उघडून उभं. त्यातूनच आमचाही कोड स्कॅन करायचं, तो चालायचा नाही आणि मागची रांग चुळबुळायची. शेवटी कोड पार्सल देतो त्या टोकाला नेला. पोळ्या बांधून होईपर्यंत माणूस तिथे दोन मिनिटं उभाच असतो. वर ठळक लिहिलं: 'पैसे इथे नाहीत. फोनच्या कॅमेऱ्याने स्कॅन करा.'

पहिला कोड एका फुकटच्या साइटवर बनवला होता. दोन आठवड्यांत तो मेला, स्कॅन केलं की 'पैसे भरा' असं पान उघडायचं. तेव्हा कळलं की त्यात आमची लिंक नव्हतीच, त्या साइटची होती आणि ती पुढे आमच्याकडे पाठवायची. आता कोड छापायच्या आधी स्वतः स्कॅन करून बघते, पत्ता whatsapp.com/channel/ असा सुरू झाला तरच छापायला देते.

आमिष म्हणून आधी चिवड्याची पुडी दिली. फॉलो करायचं, पुडी घ्यायची, घरी जाऊन अनफॉलो! शेजारच्या क्लासची पोरं तर रोज यायला लागली. पुडी बंद केली आणि पाटी बदलली: 'अळूवडी किती वाजता, किती नग, आधी कळवू.' लोक फोनवर विचारत होते तेच. तेव्हापासून आलेले बहुतेक टिकले.

तरी पहिल्या शुक्रवारी कुणीच आलं नाही. चॅनेलचे मेसेज मुळात म्यूट असतात, वर घंटी दाबल्याशिवाय फोन वाजत नाही. आता पार्सल देणारी मावशी कोड स्कॅन झाला की म्हणते, "ताई, ती घंटीही दाबा, नाहीतर वड्या संपल्यावर कळेल." ती स्वतः साधा फोन वापरते, पण घंटी कुठे आहे ते तिला पाठ आहे.

मेसेज मी अकराला टाकते, फक्त त्या दोन दिवशी: '४ वाजता, ८० नग.' बाकी काही नाही. रोज मेनू टाकून बघितला होता, फॉलोअर गळायला लागले.

एक पंचाईत उरलीच. चॅनेलवाले साडेतीनलाच रांग लावतात आणि आमच्या जुन्या, फोन न वापरणाऱ्या आजींना ताट रिकामं दिसतं. त्यांच्यासाठी दहा नग झाकून ठेवते. ते कुठेच लिहीत नाही.