पंखा गप्प करायचा तर आधी वॅट कमी करा

«अंडरव्होल्ट केलं की लॅपटॉपचा पंखा गप्प होतो म्हणतात, ते खरं का? आणि काही जळणार तर नाही ना?»

जळत काही नाही. अंडरव्होल्ट म्हणजे प्रोसेसरच्या चिपला मिळणारं व्होल्टेज थोडं उतरवणं. व्होल्टेज वाढवलं तर चिपवर ताण येतो. कमी केलं तर ती फार तर चुकते, आणि खरा धोका त्या चुकण्यातच आहे. पंख्याबद्दल जे ऐकलंत ते मात्र अर्धंच खरं आहे.

घोडबंदर रोडला आमच्या सोसायटीत आर्किटेक्चर शिकणारी एक मुलगी राहते. घर वन बीएचके, रेंडर लावायचं ते रात्री हॉलमध्ये, आणि आजीही तिथेच झोपणार. लॅपटॉपमध्ये i7-10750H, सहा कोरचा. आधी मागचं झाकण उघडून पंख्यातली धूळ काढली. आमच्या भागात इतकी बांधकामं चालू आहेत की हे न करता सॉफ्टवेअरकडे वळण्यात अर्थ नाही. मग थ्रॉटलस्टॉप हा प्रोसेसरचं व्होल्टेज आणि वॅट बदलणारा प्रोग्राम उघडला. त्यातल्या `FIVR` खिडकीत `CPU Core` आणि `CPU Cache` या दोन्हींना उणे ५० मिलीव्होल्ट दिले आणि दहा-दहाने खाली जात प्रत्येक पायरीला सिनेबेंच, म्हणजे प्रोसेसरला पूर्ण राबवून स्कोर देणारी चाचणी, चालवलं. उणे ८० वर थांबलो.

त्यानंतरही पंखा तेवढाच ओरडत होता! तापमान नव्वदीच्या वरच, फक्त सिनेबेंचचा स्कोर वाढला. कारण असं, की चिपला लागणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. १.१५ व्होल्टचे १.०७ झाले, तर त्याच वेगाला साधारण १३ टक्के वीज वाचते. पण त्या लॅपटॉपला कारखान्यातूनच सलग ६० वॅट खर्च करायची मुभा दिलेली होती. वाचलेले वॅट चिपने लगेच जास्त वेगावर उडवले आणि पुन्हा ६० वर जाऊन बसली. उष्णता तितकीच, मग पंखा का कमी होईल?

म्हणून दुसरी पायरी लागतेच: थ्रॉटलस्टॉपच्या `TPL` खिडकीत `PL1`, म्हणजे सलग चालणारी मर्यादा, ६० वरून ४५ वर आणली. थोड्या वेळाच्या उसळीची `PL2` सुद्धा खाली घेतली. आता तापमान ऐंशीच्या आसपास राहू लागलं. रेंडरला थोडा जास्त वेळ लागतो, पण व्होल्टेज न उतरवता नुसतेच वॅट कापले असते तर बराच जास्त लागला असता. अंडरव्होल्टिंगची खरी कमाई एवढीच.

फॅन कर्व्हला, म्हणजे किती तापमानाला पंखा किती वेगाने फिरेल त्या सेटिंगला, हात सगळ्यात शेवटी. पंखा त्रास देतो तो आवाजाइतकाच वरखाली होण्याने. ब्राउजर उघडला की तापमान क्षणभर ७० ला शिवतं, पंखा भुर्रकन उठतो आणि लगेच बसतो. त्यावर उपाय म्हणजे ५५ ते ७५ अंशांमध्ये एकच सपाट, मध्यम वेग, त्यापुढे चढ, आणि ९० ला पूर्ण जोर. वेग उतरण्याआधी तापमान पाचेक अंश खाली यावं, अशी सोय असेल तर तीही चालू करा. पंखा पूर्ण बंद ठेवायचा मोह टाळा, कारण कर्व्ह बघतो प्रोसेसरचं तापमान; शेजारचा एसएसडी आणि वीज पुरवणारे भाग किती तापले ते त्याला कळत नाही. आणि हे सगळं एसी लावून ठरवू नका. मे महिन्यात खोली आठ अंशांनी तापली की चिपही साधारण तेवढीच वर जाते.

आता चुकण्याबद्दल. सिनेबेंच तासभर चाललं म्हणजे सेटिंग पक्कं, असं नसतं. सगळे कोर राबतात तेव्हा वेग उतरलेला असतो. एकच कोर पाच गिगाहर्ट्झकडे झेपावतो तेव्हा व्होल्टेज जास्त लागतं. त्यामुळे रेंडर सुखरूप पार पडतं आणि पीडीएफ वाचताना निळा पडदा येतो, `WHEA_UNCORRECTABLE_ERROR` किंवा `CLOCK_WATCHDOG_TIMEOUT`. त्याहून वाईट म्हणजे पडदा न येता फाइल बिघडणं. इव्हेंट व्ह्यूअरमधल्या `System` नोंदींत `WHEA-Logger` शोधा. तिथे `19` क्रमांकाची नोंद दिसली तर चिप चुकली, पण तिने स्वतःला सावरलं. अशी एक जरी नोंद आली तरी वीस मिलीव्होल्ट परत द्या. आठवडाभर रोजचं काम नीट चालेपर्यंत विंडोजबरोबर थ्रॉटलस्टॉप आपोआप सुरू होईल असं लावू नका. मग कितीही अडकलं तरी पॉवर बटण दाबून पूर्ण बंद केलं, की पुन्हा सुरू होताना मूळ व्होल्टेजच येतं.

तुमच्या लॅपटॉपवर `FIVR` मध्ये `Locked` दिसलं तर गोष्ट तिथेच थांबते. २०१९ च्या डिसेंबरात प्लंडरव्होल्ट नावाची त्रुटी जाहीर झाली. व्होल्टेज मुद्दाम खाली पाडून चिपच्या सुरक्षित कप्प्यातली गुपितं काढता येत होती. त्यानंतर बायोस अपडेटमधून कित्येक लॅपटॉपांवर ही सोय बंद झाली. त्यासाठी जुना बायोस शोधून टाकू नका, कारण तो फसला तर मदरबोर्ड दुरुस्तीला जाईल. `PL1` बहुतेक वेळा तरीही बदलता येतो. तो कमी करा. थोडा वेग जाईल, आवाजही जाईल.