बावीसावी स्लाइड

मी भूलतज्ज्ञ आहे. शस्त्रक्रियेच्या वेळची सुरक्षा तपासणी यादी प्रत्येक विभागाला समजावून सांगायचं काम माझ्याकडे होतं. पहिल्या विभागात मी रीतसर क्रमाने बोलले: आधी इतिहास, मग २००९ चा अभ्यास (आठ शहरांतली आठ रुग्णालयं, मृत्यू १.५ वरून ०.८ टक्क्यांवर), मग यादीतले १९ मुद्दे आणि शेवटी शंका. चौथ्या स्लाइडलाच एका सर्जननी विचारलं, "मॅडम, कॅनडातल्या ऑन्टारिओत यादी आणून काहीच फरक पडला नाही, त्याचं काय?" त्याचं उत्तर माझ्या बावीसाव्या स्लाइडवर होतं. "शेवटी येतेच त्यावर," म्हणाले आणि तिथेच सभा हातातून गेली. पुढची वीस मिनिटं ते उत्तराची वाट पाहत बसले. माझं बाकीचं कोणी ऐकलंच नाही.

दुसऱ्या विभागाआधी तिथल्या एका ज्येष्ठ सर्जनना फोन केला. "सर, तुमची मंडळी काय म्हणतील?" त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या: ऑन्टारिओ आणि यादीत जाणारा वेळ. दोन्ही मी सुरुवातीला आणल्या. सोपी म्हणून वेळेची शंका आधी घ्यावीशी वाटत होती, पण मग मी अवघड गोष्ट टाळतेय असं दिसलं असतं. म्हणून पहिलंच वाक्य: "ऑन्टारिओतल्या १०१ रुग्णालयांत यादी आली आणि मृत्यू ०.७१ वरून ०.६५ टक्के झाले. हा फरक योगायोगाचाही असू शकतो."

एवढं बोलून थांबले. दोन माना हलल्या, तेव्हाच पुढे गेले: तो अभ्यास यादी येण्याआधीच्या आणि नंतरच्या तीन-तीन महिन्यांचा होता. यादी वापरतो असं रुग्णालयांनीच कळवलं होतं. चीर देण्याआधी सगळे खरोखर थांबत होते की नुसत्या खुणा करत होते, हे त्यातून कळत नाही. आक्षेप नुसता मांडून सोडला असता तर मीच त्यांची बाजू भक्कम केली असती. वेळेसाठी आमच्याच दहा शस्त्रक्रियांत घड्याळ लावलं होतं. चीर देण्याआधीचा थांबा एकदाही दोन मिनिटांवर गेला नव्हता. २००९ चे आकडे त्यानंतर दाखवले आणि या वेळी ते ऐकले गेले.

एक चूक मात्र अजून डोक्यातून जात नाही. सरांनी न सांगितलेली तिसरी शंकाही मी घातली: नर्सने सगळ्यांना थांबवलं तर सर्जनचा अधिकार कमी होतो का? ती मला स्वतःला महत्त्वाची वाटत होती. खोलीत ती कोणाच्या मनात असल्याचं चिन्ह नव्हतं. चहाच्या वेळी मात्र तीन जण तेवढ्यावरच बोलत होते आणि त्यातले दोघे माझीच वाक्यं वापरत होते.

ती शंका खरंच तिथे नव्हती, की होती आणि मी फक्त तिला तोंड फोडलं? पुढच्या विभागाच्या भाषणात ती स्लाइड मी अजून काढलेली नाही, फक्त शेवटी नेली आहे. कोणी विचारलं तरच उघडायची.