लाल वर्तुळ नेमकं कुठे होतं?

आमच्याकडे बिघाडांची एक नोंदप्रणाली आहे. कोणी अडलं की तिथे प्रश्न लिहितं, ज्याला माहीत असेल तो उत्तर लिहितो आणि ती जोडी पुढच्यांसाठी राहते. मध्ये जुनी प्रणाली बंद करून नवी आणली तेव्हा मजकूर सगळा आला, जोडलेली चित्रं मात्र आली नाहीत. जिथे चित्र होतं तिथे आता राखाडी चौकोन दिसतो आणि त्यात `image001.png` एवढंच नाव. त्या वेळी कोणी फारसं मनावर घेतलं नाही. मीही नाही.

त्या दिवशी माझ्या टेबलावर एक छोटा बोर्ड होता. सेन्सरकडून येणारा ० ते ५ व्होल्टचा सिग्नल एका ऑप-अँपमधून जसाच्या तसा पुढे पाठवायचा आणि लांब केबलने मोजणीच्या कार्डापर्यंत न्यायचा, इतकंच त्याचं काम. टेबलावर एक मीटर वायर लावून तपासला तेव्हा २.५०० व्होल्ट अगदी स्थिर. खरी, ३० मीटरची केबल लावली आणि आकडा नाचायला लागला: २.४६, २.५८, २.५१. केबल काढली की पुन्हा शहाण्यासारखा स्थिर.

नोंदप्रणालीत शोधलं तर हाच प्रश्न काही वर्षांपूर्वी कोणीतरी विचारलेला सापडला. मला हायसं वाटलं. प्रश्न असा होता: "सर्किट सोबत जोडलं आहे. केबल लावली की वरच्या ऑप-अँपचं आउटपुट हलतं. डावीकडचा बदलून पाहिला, फरक नाही. स्कोपवर असं दिसतं. काय करू?" आणि त्याखाली आमच्या जुन्या वरिष्ठांचं उत्तर: "चित्रात लाल वर्तुळ केलं आहे तिथे १०० ओहम टाक." त्याखाली विचारणाऱ्याचं "झालं, आभार."

दोन्हीकडे राखाडी चौकोन.

आता इथे मी जे केलं त्याची मला अजून लाज वाटते. १०० ओहम टाकायचा आहे, आउटपुटच्या आसपास टाकायचा आहे, मग जागा ती कितीशी? मी आउटपुटची पट्टी पिन १ पाशी कापली आणि तिथे रेझिस्टर सोल्डर केला. माझ्या बोर्डवर पिन २ कडे परत जाणारी पट्टी कनेक्टरपाशी फुटते, म्हणजे माझ्या कापलेल्या जागेच्या पुढे. ते त्या क्षणी मला महत्त्वाचं वाटलंच नाही. केबल लावली तर आकडा आधीपेक्षा जास्त नाचला. स्कोप लावला: आधी पिन १ वर ०.६ व्होल्टची लाट होती, ती आता दीड व्होल्टची झाली होती.

तेच दुखणं, तेच औषध, आणि दुखणं वाढलं. उत्तर लिहिणारे वरिष्ठ आता निवृत्त आहेत, पण फोन उचलतात. मी फोन केला.

"सर, तुम्ही एका प्रश्नात लाल वर्तुळ केलं होतं, आठवतं का?"

"अगं, मी आयुष्यात शेकडो वर्तुळं केली. कोणतं?"

मी त्यांना तो प्रश्न वाचून दाखवला. दोन वाक्यं झाल्यावर ते हसायला लागले. "वरचा म्हणजे कोणता? कागद उलटा धरला तर खालचा होईल. डावीकडचा काय? रेझिस्टर की कपॅसिटर? आणि 'असं दिसतं' म्हणजे कसं? हा प्रश्न नाही, हे बोट दाखवणं आहे. ते सोड, तुझं सांग."

मी सांगायला लागले आणि अर्ध्या मिनिटात मीही "मग आउटपुटवरून इकडे येते ना" असं म्हणाले. ते गप्प राहिले. फोनवर 'इकडे' नावाची जागा नसते.

मग त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. आयसी कोणता? पुरवठा एकेरी की दुहेरी, किती व्होल्ट? पिन २ ला काय काय जोडलंय, फक्त पिन १ की आणखी काही? आयसीचा दुसरा अर्धा भाग वापरात आहे की मोकळा सोडलाय? केबल शिल्डची का, किती मीटर, पलीकडच्या टोकाला किती रोध? लाट कुठे मोजलीस, पिनवर की केबलच्या टोकाला? प्रोब १ पट की १० पट? स्कोप एसी कपलिंगवर होता का?

शेवटच्या दोन प्रश्नांनी मी जरा चमकले. १ पटीवर ठेवलेला प्रोब स्वतःच साधारण १०० पिकोफॅरड भार टाकतो, म्हणजे कधीकधी आपण मोजतो ती खोड प्रोबनेच लावलेली असते. आणि एसी कपलिंगवर खालचा स्थिर व्होल्टेज दिसतच नाही, त्यामुळे "०.६ व्होल्ट दिसतात" एवढंच लिहिलं तर वाचणारा ते सिग्नलचं मूल्य समजू शकतो. माझ्या स्कोपच्या चित्रात हे सगळं कोपऱ्यात बारीक अक्षरांत होतं. चित्र गेलं असतं तर तेही गेलं असतं आणि मी ते शब्दांत कुठेच लिहिलं नसतं.

"हे सगळं लिहून पाठव," ते म्हणाले. "चित्र नको. चित्र असलं की तू लिहायचा आळस करशील."

मी लिहायला बसले. पहिल्या मसुद्यात 'वरचा' दोनदा आणि 'इथे' चारदा आलं. ते शब्द हुडकून काढले आणि प्रत्येकाच्या जागी पिनचा नंबर किंवा जोडणीचं नाव घातलं. सर्किटचं वर्णन परिच्छेदात करायला गेले तर वाचणाऱ्याला घेरी यावी असं झालं, म्हणून शेवटी जोडण्यांची यादीच दिली. ती अशी:

```
U1A TL072  3=IN  2=OUT  1=OUT  8=+12V  4=-12V
U1B TL072  5=GND 6=NB   7=NB   (unused)
C1  100nF  +12V  GND
C2  100nF  -12V  GND
W1  30 m   OUT -> FAR, shield -> GND
R9  10k    FAR   GND
```

पहिली ओळ पाहा. `2=OUT` आणि `1=OUT`, दोन्ही एकाच नावाला. म्हणजे पिन १ आणि पिन २ एकमेकांना थेट जोडलेल्या आहेत. चित्रात ही एक वळलेली रेघ असते आणि ती नेमकी कुठून फुटते याकडे डोळा जात नाही. ही ओळ टाइप करताना मला माझी चूक दिसली. मी रेझिस्टर टाकल्यावर पिन १ चं नाव `OUT` राहिलंच नव्हतं, ते वेगळं ठिकाण झालं होतं, आणि पिन २ मात्र अजून `OUT` ला, म्हणजे रेझिस्टरच्या पलीकडे होती. ती यादी मी खाली वेगळी लिहिली आणि त्यापुढे "हा बदल केल्यावर बिघडलं" असं टाकलं.

लाटेबद्दल लिहिलं: मूळ जोडणीत, पिन १ वर, १० पट प्रोब, एसी कपलिंग, जवळजवळ साइन आकार, टोकापासून टोकापर्यंत ०.६ व्होल्ट, वारंवारता सुमारे ९०० किलोहर्ट्झ. माझ्या बदलानंतर दीड व्होल्ट, सुमारे ७०० किलोहर्ट्झ. एक मीटर वायरवर काहीच नाही. लाटेचा आकार शब्दांत पूर्ण उतरत नाही हे खरं आहे, शेंडे किंचित चपटे होते ते मला नीट सांगता आलं नाही. पण कुठे, कशाने, किती आणि केव्हा नाही, एवढं आलं की उरलेलं बहुतेक वेळा चालून जातं.

त्यांचं उत्तर त्याच संध्याकाळी आलं. अशी केबल मीटरमागे ढोबळ १०० पिकोफॅरड धरायची, ३० मीटरचे ३ नॅनोफॅरड झाले. ऑप-अँपच्या आत आउटपुटपाशी शंभरेक ओहमचा रोध असतोच. तो रोध आणि हे ३ नॅनोफॅरड मिळून आउटपुटला उशीर करतात, पिन २ ला खबर उशिरा पोचते, ऑप-अँप आधीच झालेली दुरुस्ती पुन्हा करत राहतो आणि डोलायला लागतो. मी १०० ओहम टाकला तो खबरीच्या वाटेच्या आत, म्हणजे उशीर वाढवला. म्हणूनच लाट मोठी झाली आणि वारंवारता उतरली. "७०० आलं हे तू लिहिलंस म्हणून मला खात्री झाली," असं त्यांनी लिहिलं होतं. पिन २ थेट पिन १ ला ठेवायची आणि १०० ओहम त्या जोडाच्या पुढे, केबलच्या आधी टाकायचा. मग केबलचा भार रेझिस्टरच्या पलीकडे राहतो.

पुढे एक इशाराही होता, आणि तो `R9` लिहिला होता म्हणूनच मिळाला. पलीकडे १० किलोओहम आहे, तेव्हा १०० ओहमवर थोडा व्होल्टेज पडणार: २.५०० च्या जागी २.४७५ दिसेल, म्हणजे एक टक्का कमी. चालत असेल तर कार्डात तेवढी दुरुस्ती करून टाक. चालत नसेल तर पिन २ कडे जाणारी वाट १० किलोओहममधून केबलच्या बाजूने घे आणि पिन १ ते पिन २ असा १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर टाक. स्थिर व्होल्टेजची खबर केबलकडून येईल, जलद हालचालीची पिनवरूनच. मी दुसरा मार्ग घेतला. ३० मीटर केबलवर २.५०० आणि शेवटचा आकडाही हलेना.

म्हणजे '१०० ओहम टाक' या एकाच वाक्याच्या तीन जागा निघाल्या. एकीने बिघडतं, एकीने सुधारतं पण एक टक्का चुकतं, एकीत बरोबर येतं पण सोबत आणखी दोन भाग लागतात. जुन्या उत्तरात ते वर्तुळ यांपैकी कुठे होतं, हे सरांनाही आठवलं नाही. त्या माणसाच्या केबलपलीकडे किती रोध होता हेच जर माहीत नसेल तर त्याचं 'झालं' म्हणजे तरी काय झालं?

माझा प्रश्न मी नोंदप्रणालीत टाकला, आता स्कोपचं चित्रही जोडून. त्याखाली एक ओळ ठेवली: "चित्रात वरच्या मजकुरापेक्षा वेगळं काही नाही, फक्त लाटेचे शेंडे पाहता येतील." मग तो जुना प्रश्न उघडला. आधी वाटलं की आपल्या माहितीवरून त्याचं वर्णन भरून टाकावं. पण ते माझं सर्किट झालं असतं, त्याचं नव्हे. शेवटी त्याखाली एवढंच लिहिलं: "दोन्ही चित्रं हरवली आहेत. वर्तुळ कुठे होतं हे उत्तर देणाऱ्यांनाही आठवत नाही. हा उपाय अंदाजाने करू नका, मी केला आणि बिघाड वाढला," आणि माझ्या नोंदीचा क्रमांक दिला.