जळगावहून गणपतीपुळे: मे महिन्यातील दमट हवा आणि अंगावरचे कापड

मे महिन्यात जळगावहून कोकण किनाऱ्यावर जाणाऱ्यांनी सर्वांत आधी ‘आपण ४५ अंश सोसणारी माणसे, तिथल्या ३३ अंशांचे काय एवढे’ हा विचार डोक्यातून काढून टाकावा. निघण्यापूर्वी हेच वाक्य आम्हाला घरी ऐकवण्यात आले, शेजारी ऐकवण्यात आले आणि कापडाच्या दुकानातही ऐकवण्यात आले. त्यावर विसंबून भरलेले जवळजवळ निम्मे कपडे गणपतीपुळ्यात नुसते वाहून न्यावे लागले. रेल्वेने पनवेलमार्गे रत्नागिरी आणि तेथून एसटी, असा आमचा मार्ग होता. देवदर्शन, किनाऱ्यावरच्या संध्याकाळी आणि जेवण यांविषयी तक्रार नाही, म्हणून त्यांविषयी लिहीतही नाही. लिहायचे आहे ते कापडाविषयी, कारण त्याबाबत आमची सरळ दिशाभूल झाली.

आपल्याकडे मे महिन्यातील दुपारी हवा ४४ अंशांपर्यंत तापते, पण तिच्यातील आर्द्रता बऱ्याचदा १५ टक्क्यांच्या आसपास असते. अशा एक घनमीटर हवेत साधारण ९ ग्रॅम बाष्प असते. किनाऱ्यावर ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असताना तेवढ्याच हवेत सुमारे २५ ग्रॅम बाष्प असते. घामाने ओल्या झालेल्या त्वचेला चिकटून असलेली हवा साधारण ३९ ग्रॅमपर्यंत बाष्प धरते, आणि या दोन हवांतील फरक जितका मोठा तितका घाम लवकर उडतो. जळगावात हा फरक ३० ग्रॅमचा आहे आणि गणपतीपुळ्यात तो १४–१५ ग्रॅमवर येतो, म्हणजे घाम उडण्याचा वेग जवळजवळ निम्म्यावर येतो. जळगावात घाम आला हेच पुष्कळदा कळत नाही, कारण तो येताक्षणीच वाळतो. किनाऱ्यावर मात्र तो अंगावरून ओघळतो आणि ओघळून गेलेला घाम अंगाला थंडावा देत नाही.

त्यामुळे कापडाचे कामही उलटे होते. खानदेशात बाहेरची हवा त्वचेपेक्षा जास्त तापलेली असल्याने अंग झाकून घेणे, जाडसर सुती सदरा घालणे आणि डोक्या-कानाला रुमाल गुंडाळणे हे शहाणपणाचे असते. तिथे कापड उन्हापासून आणि लूपासून आपले रक्षण करते. किनाऱ्यावरची हवा त्वचेपेक्षा किंचित थंड असते, त्यामुळे ती जितकी अंगाला लागेल तितके बरे. म्हणून तिथे धागा कोणता या प्रश्नाच्या आधी विण किती मोकळी आहे आणि कपडा अंगापासून किती सुटा राहतो हे पाहावे. जाड खादीचा सदरा आपल्याकडे कितीही सुखाचा असला तरी तिथे तो नेऊ नये.

हे सारे आरे-वारेच्या चढावर स्पष्ट झाले. दोन किनाऱ्यांच्या मधल्या डोंगरावरून जाणारा तो रस्ता चालायला अवघड नाही, रोज चार-पाच किलोमीटर चालणाऱ्याला तो सहज जमतो. परंतु आम्ही सकाळी दहानंतर त्याला लागलो, आणि जिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना डोंगराची कड येते तिथे समुद्राचा वारा पूर्ण अडतो. तो टप्पा सगळ्या प्रवासातील सर्वांत वाईट होता. माझ्या अंगात ‘लिनन’ म्हणून घेतलेल्या कापडाचा नवा शर्ट होता, मेहुण्यांच्या अंगात पातळ केंब्रिकचा सैल कुर्ता होता आणि भाच्याने खेळाडू घालतात तसा पॉलिस्टरचा ड्राय-फिट टी-शर्ट घातला होता.

वारा अडल्यावर पहिल्यांदा माझा शर्ट पाठीला चिकटला आणि चिकटलेलाच राहिला. त्याच्या बाहेरच्या बाजूने ओल फारशी दिसत नव्हती, मात्र आतून पाण्याची धार कंबरेपर्यंत उतरत होती. मेहुण्यांचा कुर्ता बराच वेळ चांगला राहिला, कारण सुती धागा घाम आत ओढून घेतो आणि कोरडेपणाची जाणीव टिकवतो. पण एकदा पूर्ण भिजल्यावर तो जड झाला, काखेत आणि खांद्यावरच्या पिशवीच्या पट्ट्याखाली घासू लागला आणि त्यानंतर चालणे संपेपर्यंत वाळला नाही. भाच्याचा टी-शर्ट बंद टप्प्यात आमच्याइतकाच ओला झाला, पण माथ्यावर वारा लागताच पाहता पाहता वाळला. त्याचे समाधान एसटीत बसेपर्यंतच टिकले. गर्दीत बसून राहिल्यावर तेच कापड गरम वाटू लागले आणि त्याला असा वास येऊ लागला की धुतल्यानंतरही तो पूर्ण गेला नाही. पॉलिस्टर पाणी धरत नाही, पण घामातील तेलकट अंश मात्र धरून ठेवते, आणि त्या अंशावर जंतू वाढून वास येतो.

परतीच्या दिवशी त्याच रस्त्यावर मी घरातला जुना, खरा लिननचा शर्ट घातला आणि फरक पहिल्या वळणावरच जाणवला. जवसाच्या जातीच्या झाडाच्या खोडापासून निघणारा हा तंतू लांब आणि ताठ असतो, त्यामुळे ओला झाला तरी कापड अंगावर सपाट बसत नाही, ठिकठिकाणी उचललेले राहते आणि मधून हवा फिरते. ठरावीक प्रमाणित हवेत लिनन आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे १२ टक्के ओल धरते, कापूस साडेआठ टक्के आणि पॉलिस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. माझे मत स्पष्ट आहे: चालणे, थांबणे, गाडीत बसणे आणि पुन्हा चालणे असा दिवस असेल तर पातळ खरे लिनन पहिले, पातळ सुती दुसरे. ड्राय-फिट फक्त पहाटेच्या चालीसाठी आणि समुद्रात उतरण्यासाठी ठेवावे, तिथे मात्र त्याला तोड नाही. कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यातील माणसाला हे लिहिणे सोपे नाही, परंतु आरे-वारेच्या चढावर जे जाणवले ते असे आहे.

आता त्या दुकानाविषयी. मीटरला ९०० रुपये घेऊन मला जे कापड ‘प्युअर लिनन’ म्हणून देण्यात आले, ते पॉलिस्टरचे निघाले. लिननसारखे दिसावे म्हणून त्यात मुद्दाम जाड-बारीक धागा घातलेला होता. पुढे जाणाऱ्यांनी कापड फाडून घेण्यापूर्वी पुढील परीक्षा करावी, आणि दुकानदार करू देत नसेल तर तेथून उठावे. कापडाच्या कडेचा एक उभा आणि एक आडवा धागा वेगवेगळा काढावा, कारण भेसळ पुष्कळदा एकाच दिशेच्या धाग्यात असते. चिमट्यात धरून त्याला काडी लावावी. पॉलिस्टर ज्योतीपासून आक्रसते, वितळते आणि बोटांनी न फुटणारा कडक काळा मणी मागे राहतो. कापूस आणि लिनन कागदासारखे जळतात, त्यांची राख मऊ असते आणि चुरगळते. राखेत कडक कण लागले तर धागा मिश्र आहे. मात्र व्हिस्कोसही कागदासारखेच जळते, म्हणून दुसरा धागा पाण्यात भिजवून ओढून पाहावा. व्हिस्कोस ओले झाले की चटकन तुटते, तर लिनन आणि कापूस ओले असताना अधिक बळकट होतात. मुठीत दाबून सोडल्यावर ज्या कापडाला ठळक घड्या पडत नाहीत, त्याला लिनन म्हणून पैसे देऊ नयेत. लिनन सुताचा बारीकपणा ‘ली’ या मापात सांगतात, आकडा जितका मोठा तितके सूत बारीक. शर्टासाठी ६० ली किंवा त्याहून बारीक सूत मागावे. २५ ली सुताचे जाड लिनन पँटसाठी असते, आणि किनाऱ्यावर त्याचा शर्ट खादीइतकाच त्रास देईल.

साड्यांबाबत माझ्या पत्नीचे म्हणणे तिच्याच अनुभवाचे आहे आणि ते मला पटते. मलमलची साडी नेसूनही पहिल्या दिवशी तिला त्रास झाला, आणि त्याचे कारण साडी नव्हती, आतला साटिनचा परकर होता. निऱ्यांचे थर आणि त्याखाली हवा न जाऊ देणारा चकचकीत परकर असेल तर वरची मलमल काहीच करू शकत नाही. सुती पॉपलीनचा परकर घेतल्यावर तीच साडी सुसह्य झाली. जॉर्जेट वाळायला सोपी असली तरी दुपारी नेसू नये.

रात्री खोलीत कपडे वाळवणे हा तिथला दुसरा मोठा प्रश्न आहे. संध्याकाळी धुऊन, टॉवेलमध्ये गुंडाळून, पिळून पंख्याखाली टाकलेला ड्राय-फिट झोपण्यापूर्वी वाळतो. मलमल आणि पातळ लिनन सकाळपर्यंत वाळतात. खादी आणि जीन्स सकाळी ओलीच असतात, आणि तशीच घडी घालून पिशवीत ठेवली तर बुरशीचे काळे ठिपके पडतात. मात्र धुणे याचा अर्थ निदान गोड्या पाण्यातून नीट काढणे असा घ्यावा. घामाचे किंवा समुद्राचे मीठ कापडात राहिले तर, हवेतील आर्द्रता ७५ टक्क्यांपुढे गेल्यावर ते मीठच हवेतील पाणी ओढून घेते आणि वाळलेला शर्ट रात्रीतून पुन्हा दमट होतो. मेहुण्यांचा कुर्ता दोरीवर रात्रभर असूनही सकाळी चिकट लागत होता, तो बादलीभर गोड्या पाण्यातून काढून पुन्हा वाळवल्यावर ठीक झाला.

घरून निघण्यापूर्वीची तयारीही वेगळी करावी लागते. आपल्याकडे पांढऱ्या कपड्यांना खळ घालून कडक इस्त्री करण्याची सवय आहे. ती या प्रवासासाठी मोडावी, कारण खळ विणीतील छिद्रे बुजवते आणि घामाने ओली झाली की चिकट होते. नवे सुती कापड दोन-तीनदा धुऊन न्यावे, म्हणजे गिरणीतला लेप निघून ते घाम शोषू लागते. कपडे मऊ करणारे सुगंधी द्रावण ड्राय-फिटला लावू नये, त्याच्या थराने घाम पसरण्याचा गुण जातो.

शिंप्याकडे कापड देताना ते आधी पाण्यातून काढून, वाळवून द्यावे, नाहीतर पहिल्या धुण्यात आटून नेमका तो सैलपणा जातो ज्यासाठी आपण ते घेतले. छातीचे माप अंगापेक्षा निदान पाच-सहा इंच मोठे ठेवायला सांगावे, दोन्ही बाजूंना खाली चिरा ठेवायला सांगाव्यात आणि खांद्याखाली पाठीला दुहेरी कापड लावू नका, असे बजावून सांगावे. आमच्याकडचे शिंपी ते सवयीने लावतात आणि पिशवीचा पट्टा नेमका त्याच जागी येतो.