लोनवर मशीन घ्यायचं का? वॅक आणि लिव्हरेजचा हिशोब, माझा अनुभव

गोव्यातल्या तुये इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका पुठ्ठ्याचे बॉक्स करणाऱ्या युनिटचे अकाउंट्स मी बघतो. भाऊंना, म्हणजे मालकांना, 2 कोटींचं ऑटोमॅटिक मशीन हवं होतं, सगळं बँक लोनवर. त्यांचं म्हणणं, "व्याज 10 टक्के, टॅक्स वाचला की साडेसातच पडतं, मग वॅक खालीच येणार ना?"

वॅक म्हणजे मालकाचं भांडवल आणि कर्ज, दोन्ही पैशांचा मिळून सरासरी खर्च, आणि तो कागदावर खाली येतो खरा. मालकाचं भांडवल 6 कोटी, कर्ज 4 कोटी, टॅक्स साधारण 25 टक्के. कंपनी लिस्टेड नाही, शेअरच्या चढउतारावरून धोका मोजणारा बीटा आणणार कुठून, म्हणून व्याजदरावर धोक्याचे 6 टक्के चढवून भांडवलाचा खर्च 16 धरला, आणि वॅक आला 12.6 टक्के. नवीन लोन धरून कर्ज 6 कोटी केलं की तोच 11.75 होतो.

पण हा आकडा 16 टक्के जागचे हलणार नाहीत असं धरून येतो, आणि माझा जीव तिथेच अडकला होता, म्हणून आधी दोन्ही लिव्हरेज काढले, म्हणजे स्थिर खर्चामुळे आणि व्याजामुळे विक्रीतला बदल नफ्यात किती पट होतो ते. विक्री 10 कोटी, कच्चा माल, पीसरेटची मजुरी वगैरे बदलता खर्च 6 कोटी, म्हणजे कॉन्ट्रिब्युशन 4 कोटी. त्यातून स्थिर खर्च 2.4 कोटी गेला की व्याजाआधीचा नफा 1.6 कोटी, म्हणून ऑपरेटिंग लिव्हरेज 4 भागिले 1.6, 2.5. व्याज 40 लाख, टॅक्सआधी उरले 1.2 कोटी, फायनान्शियल लिव्हरेज 1.33. दोन्हींचा गुणाकार 3.33, म्हणजे विक्री 1 टक्का हलली की टॅक्सआधीचा नफा 3.33 टक्के हलतो.

मशीन आलं की मजुरी वाचून कॉन्ट्रिब्युशन 4.8 कोटी होतं, पण घसारा, मेंटेनन्स, ऑपरेटरचा पगार धरून स्थिर खर्च 3 कोटींवर जातो आणि व्याज 60 लाख, त्यामुळे टॅक्सआधी उरतात तेच 1.2 कोटी! नफा जिथल्या तिथे आणि गुणाकार मात्र 4. म्हणजे विक्री 10 टक्क्यांनी पडली तर आज नफा 80 लाखांवर येतो, मशीन असलं तर 72 लाखांवर. आमचे बरेच बॉक्स हॉटेलांना माल पुरवणाऱ्यांकडे जातात, पावसात ऑर्डरी सुकतात, त्यामुळे ही 10 टक्क्यांची घट काही लांबची गोष्ट नाही.

आता एवढा धोका वाढल्यावर भांडवल घालणारा 16 वर कसा थांबेल? त्याने 17.7 मागितले की वॅक परत 12.6, 18 मागितले तर आधीपेक्षा जास्त. स्वस्त लोनचा सगळा फायदा तिथेच संपतो.

भाऊंना मी वॅक बाजूला ठेवून ते 80 आणि 72 दाखवले. ते म्हणाले, "मग विक्री किती झाली की घ्यायचं?" 10 कोटींच्या वर मशीनवाला नफा पुढे जातो, पण 2 कोटींवर व्याज न धरता, टॅक्स जाऊन 12.6 टक्के सुटायचे तर विक्री 11.7 कोटींच्या आसपास हवी. तेवढ्या पक्क्या ऑर्डरी हातात येईपर्यंत मशीनचं कोटेशन फाइलला लावून ठेवलंय.