नोंद ७: फ्लक्सचा समजलेला डाग तेलाचा निघाला, आणि बदललेली चिप भलतीकडेच सापडली

विकायला आलेली जुनी कार्डं फोटोवरून तपासताना, मागच्या नोंदीत आरटीएक्स ३०८० (१० जीबी) या ग्राफिक्स कार्डाच्या उघड्या बोर्डावर ‘मेमरी चिप बदललेली, फ्लक्स तसाच राहिलेला’ असा शेरा मारला होता. फ्लक्स म्हणजे चिप कथलाने जोडताना लावायचा चिकट पदार्थ. तो शेरा मागे घ्यावा लागतोय. विक्रेत्याने टॉर्च बाजूने मारून त्याच बोर्डाचे चार नवे फोटो पाठवले, आणि तो डाग थर्मल पॅडमधून सुटलेल्या सिलिकॉन तेलाचा आहे हे दिसलं. समोरून फ्लॅश मारलेल्या फोटोत दोन्ही सारखेच चकचकीत पिवळट दिसतात, तिथेच घोळ होतो.

आधी तेल का सुटतं ते. थर्मल पॅड म्हणजे सिलिकॉन रबरात कालवलेली उष्णतावाहक पूड. सतत उष्णता आणि दाब मिळाला की त्यातलं तेल हळूहळू बाहेर झिरपतं. ३०८० वरची जीडीडीआर६एक्स मेमरी मुळातच गरम चालते, आतलं तापमान ११० अंशांच्या आसपास गेलं की कार्ड वेग कमी करतं. त्यामुळे या मॉडेलवर तेल दिसणं हा दोष नाही, कार्ड भरपूर चाललंय एवढाच त्याचा अर्थ.

आता फरक ओळखायचा कसा? सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे डागाची कड. तेल पॅड जिथे होता तिथून निघतं, बारीक कपॅसिटरांच्या फटींतून पसरतं आणि कुठे संपलं ते नेमकं सांगता येत नाही. फ्लक्स उष्णतेबरोबर जातो: एकाच चिपभोवती चारी बाजूंनी पसरतो, वाळला की मधाच्या रंगाचा काचेसारखा थर होतो, त्याला ठळक कड असते आणि कधी बारीक तडेही दिसतात. या बोर्डावर दहापैकी सात मेमरी चिपांजवळ आणि वीजपुरवठ्याच्या चिपांवरही तीच झाक आहे. सात चिपा काढून बसवणारा माणूस वीजपुरवठ्याच्या भागावर फ्लक्स कशाला लावेल? हा प्रश्न मागच्याच वेळी पडायला हवा होता.

दुसरी खूण धुळीची. तेलावर धूळ चिकटून करडी लव तयार होते, वाळलेल्या फ्लक्सवर ती तेवढी धरत नाही. मात्र गरम न झालेला जेल फ्लक्स चिकटच राहतो आणि धूळ धरतो, म्हणून ही खूण एकटी वापरू नका. आणि बोर्ड आयपीए या सफाईच्या अल्कोहोलने पुसलेला असेल तर चिपेच्या कडेला पांढुरकी पापडी शोधा. अर्धवट धुतलेला फ्लक्स ती मागे ठेवतो.

खरी बदललेली चिप सापडली ती छापावरून. मायक्रॉनच्या चिपेवर पहिल्या ओळीच्या सुरुवातीला एक अंक आणि एक अक्षर असतं. अंक वर्षाचा शेवटचा आकडा, अक्षर त्या वर्षातला पंधरवडा. नऊ चिपांवर सुरुवात 0 ने होते, म्हणजे २०२०, आणि कार्डही त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बाजारात आलं. दहाव्या चिपेवर 2 आहे. शेजारशेजारच्या पंधरवड्यांची सरमिसळ कारखान्यातही होते, पण दोन वर्षांचं अंतर होत नाही. मग त्या चिपेच्या आसपास पाहिलं तर दोन कपॅसिटर किंचित तिरके आणि बोर्डावरच्या हिरव्या-काळ्या लेपाची, म्हणजे मास्कची, चकाकी तेवढ्या पट्ट्यात कमी. फ्लक्स कुठेच नाही, कारण काम करणाऱ्याने नीट धुतलं होतं. म्हणजे स्वच्छ जागा संशयातून सुटलेली नसते. काम चांगलं झालंय, त्यामुळे कार्ड बाद नाही, पण ‘कधी न उघडलेलं’ या किमतीला घ्यायचं नाही.

रिकाम्या दोन जागांबद्दल पुन्हा विचारणा झाली म्हणून एकदाच: १० जीबी मॉडेलची बस ३२० बिटांची, प्रत्येक चिप ३२ बिट, म्हणून दहा चिपा. बोर्डावर जागा बारा असतात, कारण मोठ्या मॉडेललाही तीच रचना लागते. कारखान्यातच रिकाम्या ठेवलेल्या जागेवरचे सगळे ठिपके एकसारखे दिसतात. चिप उपटलेली असेल तर कथलाची टोकं उंचसखल राहतात आणि कथील शोषणाऱ्या तांब्याच्या वेणीने घासल्याचे ओरखडे मास्कवर उमटतात. कोअरवरचा, म्हणजे मुख्य ग्राफिक्स चिपेवरचा, छापही वाचून घ्या: GA102-200-KD-A1 किंवा एलएचआर, म्हणजे क्रिप्टो मायनिंगचा वेग मर्यादित केलेला प्रकार, असेल तर GA102-202-KD-A1.

या वेळची मोठी कमाई म्हणजे फोटोतच मिळणारी मोजपट्टी. मदरबोर्डात बसणाऱ्या पीसीआयई कडेवरच्या सोनेरी पट्ट्यांच्या मध्यांतलं अंतर बरोबर १ मिमी असतं. खाचेनंतरच्या लांब भागात ७१ पट्ट्या, म्हणजे पहिलीच्या मध्यापासून शेवटच्या मध्यापर्यंत ७० मिमी. गिम्प या फोटो प्रोग्राममधल्या मोजपट्टीने हे अंतर १५४० पिक्सेल आलं, तर १ मिमीला २२ पिक्सेल. पडताळ्यासाठी मेमरी चिप मोजली. ती १२ × १४ मिमी असते, म्हणजे २६४ × ३०८ अपेक्षित. २६२ × ३०९ मिळाले. पट्टी खरी.

दुसऱ्या जाहिरातीतल्या कार्डाचं कव्हर याच पट्टीने पकडलं गेलं. ब्रॅकेटपासून वीज कनेक्टरच्या मध्यापर्यंतचं अंतर आणि कव्हरमधल्या खाचेच्या मध्यापर्यंतचं अंतर यांत ५ मिमीचा फरक निघाला. एक काळजी घ्या: कव्हर कॅमेऱ्याच्या जवळ असतं म्हणून मोठं दिसतं. फोटो अगदी सरळ वरून आणि लांबून झूम करून काढलेला नसेल तर १-२ मिमीच्या फरकावर काही ठरवू नका. जवळून काढलेल्या फोटोत ५ मिमीही येऊ शकतात. खात्रीसाठी कार्डाच्या वरच्या कडेचा फोटो मागवला. हीटसिंक आणि वीजपुरवठ्याच्या चिपांमध्ये पॅड दिसायला हवा होता, तिथून आरपार उजेड येतोय. कूलर दुसऱ्या बोर्डाचा आहे. कोअर थंड राहील, वीजपुरवठा भाजेल.

एसएसडीचं थोडक्यात लिहिणार होतो, पण लिहितानाच सुचलं की तिथे टॉर्च लेबलवर तिरपा मारायचा. अस्सल सॅमसंग ९८० प्रो १ टीबीच्या लेबलखाली चार मोठे उंचवटे असतात: कंट्रोलर, डीरॅम आणि डेटा साठवणाऱ्या दोन नँड चिपा. चिपा एकाच बाजूला, मागे एकही नाही. नकली ड्राइव्हवर बहुधा डीरॅमच नसते, म्हणून उंचवट्यांची मांडणी वेगळी येते, लेबलचा छाप कितीही हुबेहूब असला तरी. पट्टी इथेही आहे: एम.२ ची रुंदी २२ मिमी. छापावरून फक्त दोन गोष्टी तपासतो, क्षमता आणि मॉडेल क्रमांक जुळतात का (१ टीबीला MZ-V8P1T0), आणि पीएसआयडी, म्हणजे लेबलवर छापलेला त्या एकाच ड्राइव्हचा क्रमांक, ३२ अक्षरांचा आहे का. तोच पीएसआयडी दोन जाहिरातींत दिसला तर पुढे बघायचंच नाही. ‘१०८० प्रो’ लिहिलेलं असेल तर तसं मॉडेल सॅमसंगने काढलेलंच नाही.

फोटोबरोबर लिनक्सवर चालवलेल्या या आज्ञेचं उत्तरही मागवा:

```
lspci -nn | grep -i non-volatile
```

सॅमसंगचा कंट्रोलर `144d` दाखवतो. `1e4b` आलं तर तो मॅक्सिओचा.

फोटो मेसेंजरमधून ‘फोटो’ म्हणून घेऊ नका, ‘फाइल’ म्हणून मागवा. दाबलेल्या फोटोत चिपेवरचा 0 आणि 8 ओळखता येत नाही, आणि धार वाढवणारी ॲप तर नसलेल्या कडा तयार करतात. ३०८० च्या त्या दहाव्या चिपेचा मूळ आकाराचा फोटो मागवलाय. तिरके कपॅसिटर दोनच आहेत की तीन, ते त्यात मोजायचं आहे.