मॅनेजरपदावरून सीनियर अकाउंटंटच्या जागेसाठी अर्ज: पत्रात काय लिहिलं आणि का

रेझ्युमेवर ‘अकाउंट्स मॅनेजर, अनुभव १६ वर्षं’ दिसतं आणि अर्ज मात्र सीनियर अकाउंटंटच्या जागेसाठी असतो, तेव्हा वाचणाऱ्याच्या मनात पात्रतेची शंका येत नाही. हा माणूस इकडे का येतोय, एवढाच प्रश्न येतो. पत्रात त्याचं उत्तर नसेल तर तो स्वतःच ठरवून टाकतो: आधीच्या कंपनीने काढलं असेल, बरी नोकरी मिळेपर्यंत टेकायला जागा हवी असेल, किंवा मॅनेजर होऊन स्वतः एन्ट्री करायची सवय सुटली असेल. रेझ्युमेत फक्त पदं आणि तारखा असतात, तो या शंका दूर करू शकत नाही. ते काम पत्राचंच. पुण्यातल्या मॅनेजरपदावरून नाशिकला अंबड एमआयडीसीत, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात अर्ज करताना मी पत्र कसं रचलं ते लिहितो.

सगळ्यात जास्त वेळ कारण लिहिण्यात गेला. माझी कारणं दोन होती. कुटुंब कायमचं नाशिकला हलवायचं होतं, आणि मला पुन्हा प्रत्यक्ष हिशेबाच्या कामात राहायचं होतं. ही दोन्ही एकत्र लिहिणं गरजेचं आहे, कारण एकेकटं कारण लंगडं पडतं. फक्त ‘नाशिकला यायचंय’ असं लिहिलं तर वाचणारा म्हणतो, नाशिकमध्येच मॅनेजरची जागा निघाली की हा चालला. फक्त ‘प्रत्यक्ष काम करायचंय’ लिहिलं तर तो म्हणतो, मग आहे त्या कंपनीत बदली का नाही मागितली? एकत्र लिहिली की एकाची फट दुसरं भरून काढतं.

कारणाला आधार म्हणून वचनं देण्यापेक्षा परिस्थिती सांगावी. ‘मी दीर्घकाळ राहीन’ हे सगळेच लिहितात. ‘घर नाशिकमध्ये आहे, मुलगी जूनपासून इथल्या शाळेत जाते’ ही परिस्थिती आहे, तिच्यावरून वाचणारा स्वतः अंदाज बांधतो आणि तो अंदाज त्याला जास्त पटतो. घरातल्या आजारपणाचे तपशील मात्र पत्रात नकोत. ‘आई-वडिलांची जबाबदारी’ एवढं पुरतं. त्यापुढे गेलं की वाचणारा रजांचा हिशेब करू लागतो.

‘कमी ताणाचं काम हवं आहे’ हे वाक्य कितीही खरं असलं तरी आमच्या क्षेत्रात ते घात करतं. टीडीएस भरायची ७ तारीख, जीएसटीच्या रिटर्नपैकी जीएसटीआर-१ ची ११, थ्रीबीची २०. महिन्याचे पहिले वीस दिवस कनिष्ठ पदावरचा माणूसच सगळ्यात जास्त धावत असतो. ताण नको म्हणणारा माणूस थ्रीबीच्या आदल्या दिवशी सहाला घरी जाईल, असंच समोरच्याला वाटणार. म्हणून ताणाबद्दल काही न लिहिता कोणतं काम सोडतोय आणि कोणतं घेतोय ते लिहिलं. बजेटच्या बैठका, अप्रेझल, सादरीकरणं सोडतोय. पुरवठादारांची खाती जुळवणं, जीएसटी, महिनाअखेर घेतोय. तीच प्रामाणिक गोष्ट, पण समोरच्याला त्यातून आपलं काम होताना दिसतं.

दुसरी शंका हाताच्या सवयीची. मॅनेजर सही करतो, काम टीम करते, हे प्रत्येकाला माहीत असतं. ‘टॅली आणि जीएसटीचं उत्तम ज्ञान’ या ओळीने ती शंका जात नाही. जाहिरातीत सहा-सात कामं दिलेली होती, त्यातली तीनच निवडली आणि ती मी अलीकडे स्वतः कशी केली ते लिहिलं. उदाहरणार्थ, १४ तारखेला टूबी, म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या बिलांची जीएसटीची यादी, आली की ती खरेदी रजिस्टरशी जुळवणं आणि इनव्हॉइस मॅनेजमेंट सिस्टिममध्ये प्रत्येक बिल स्वीकारायचं, नाकारायचं की प्रलंबित ठेवायचं ते ठरवणं. ही सोय जीएसटी पोर्टलवर ऑक्टोबर २०२४ मध्ये आली. ज्याने पाच वर्षं पोर्टल स्वतः उघडलेलं नाही, त्याला हे वाक्य असं लिहिता येत नाही, आणि वाचणाऱ्या अकाउंट्सवाल्याला ते लगेच कळतं. कोणाचा हात खरोखरच सुटला असेल तर अर्जाआधी एक महिनाअखेर टीमबरोबर बसून स्वतः करावी. तेवढ्याने पत्रात लिहायला खरा मजकूर मिळतो.

टीम सांभाळल्याचा अनुभव लपवायचा नाही, पण तो या पदाच्या भाषेत आणायचा. ‘पाच जणांचं नेतृत्व केलं’ याचा सीनियर अकाउंटंटच्या जागेशी संबंध लागत नाही. ‘पाच जणांच्या एन्ट्री तपासल्यामुळे चुका कुठे होतात ते माहीत आहे, परराज्यातल्या बिलाला आयजीएसटीऐवजी सीजीएसटी-एसजीएसटी लागणं, वाहतूकदाराच्या बिलावर टीडीएस राहून जाणं’ याचा लगेच लागतो.

पत्र वाचणारा बहुतेक वेळा तुमचा होणारा साहेबच असतो, आणि तो वयाने लहान असू शकतो. ‘तुमच्या पद्धतीत सुधारणा करेन’, ‘टीमला मार्गदर्शन करेन’ ही वाक्यं मॅनेजरच्या अर्जात शोभतात. इथे ती त्याच्या खुर्चीवर डोळा असल्यासारखी वाटतात. मी एवढंच लिहिलं की निर्णय फायनान्स मॅनेजरचा, त्यासाठी लागणारे आकडे वेळेवर आणि बरोबर देणं माझं काम. वयाचा उल्लेखही केला नाही. ‘लहान वयाच्या साहेबाच्या हाताखाली काम करायला हरकत नाही’ असं लिहिलं की हरकतीचा विचार मनात होता हेच आधी कळतं.

पगाराबद्दल मौन पाळलं तर फोनच येत नाही, कारण सध्याचा पगार पाहून एचआर पुढे जातो. ‘पगार महत्त्वाचा नाही’ यावरही कोणी विश्वास ठेवत नाही. आधी घरी हिशेब मांडला: पुण्याचं घरभाडं वाचणार, कर्जाचा हप्ता तसाच राहणार, आणि सीटीसी नव्हे तर हातात येणारी रक्कम किती लागेल. तो आकडा या पदाच्या पगारात बसतो याची खात्री झाल्यावरच लिहिलं की या पदाची पगारश्रेणी मान्य आहे. स्वतःहून आकडा मात्र दिला नाही. फार कमी आकडा लिहिला तर कंपनीच्या श्रेणीपेक्षाही खाली जाण्याचा धोका असतो, आणि ‘एवढा स्वस्त का’ ही नवी शंका येते.

याला जोडून एक अडचण असते, ती पुष्कळांच्या लक्षात येत नाही. मॅनेजरचा नोटीस पिरियड बहुतेक ठिकाणी ९० दिवसांचा असतो, आणि कनिष्ठ पदासाठी माणूस महिन्याभरात हवा असतो. त्यामुळे साठ दिवसांनी शक्य आहे की नोटीसचे पैसे भरून लवकर निघता येतं, हे नियुक्तिपत्र काढून आधीच तपासावं आणि पत्रात तारखेसह लिहावं.

पत्र इंग्रजीत पाठवलं होतं. त्याचा मजकूर मराठीत असा:

“महोदय, आपल्या अंबड येथील कारखान्यातल्या सीनियर अकाउंटंट पदासाठी अर्ज करत आहे. मी सध्या पुण्यात अकाउंट्स मॅनेजर आहे. हे पद त्याखालचं आहे याची मला कल्पना आहे आणि मी ते विचारपूर्वक निवडलं आहे.

आई-वडिलांच्या जबाबदारीमुळे आमचं कुटुंब नाशिकला कायमचं आलं आहे. मुलगी जूनपासून इथल्या शाळेत जाते. दुसरं कारण कामाचं आहे. गेली काही वर्षं माझा बराच वेळ बैठका, मंजुऱ्या आणि सादरीकरणांत जातो. मला खाती, रिटर्न आणि महिनाअखेर या कामांत परत यायचं आहे.

ही कामं मी आजही स्वतः करतो. टूबीची खरेदी रजिस्टरशी जुळणी आणि पोर्टलवर बिलं स्वीकारणं-नाकारणं माझ्याकडे आहे. सूक्ष्म आणि लघु पुरवठादारांची ४५ दिवसांच्या मुदतीतली देणी मी दर आठवड्याला तपासतो. बँक रिकन्सिलिएशन दर महिन्याच्या ३ तारखेपर्यंत पूर्ण करतो. पाच जणांच्या एन्ट्री तपासल्यामुळे चुका साधारण कुठे होतात ते मला माहीत आहे.

निर्णय फायनान्स मॅनेजरचे असतील. त्यांना लागणारे आकडे वेळेवर आणि बरोबर देणं हे माझं काम असेल. या पदासाठीची आपली पगारश्रेणी मला मान्य आहे. माझा सध्याचा पगार जास्त आहे हे लक्षात घेऊनच हा अर्ज केला आहे. नोटीस ९० दिवसांची आहे, पण उरलेल्या दिवसांचे पैसे भरून मी ३० दिवसांत रुजू होऊ शकतो. भेटीसाठी कोणत्याही कामाच्या दिवशी नाशिकला येईन.”

पत्र एका पानाच्या आतच ठेवलं. कारण दुसऱ्याच परिच्छेदात येतं, कारण त्यापुढे वाचायचं की नाही हे तिथेच ठरतं. आणि सगळ्या पत्रात कुठेही खंत किंवा माफी नाही. ‘जरी माझा अनुभव जास्त असला तरी’ अशी सुरुवात करायचा मोह होतो, पण ‘जरी’ आलं की आपण अनुभवाला दोष मानतो आहोत असा सूर लागतो.

रेझ्युमेत फेरफार करायचा का, हा पुढचा प्रश्न. जुन्या नोकऱ्या दोन ओळींत आटोपणं, मॅनेजरपदाखाली प्रत्यक्ष कामं आधी आणि टीमचं काम नंतर लिहिणं, हे चालतं. पदनाम बदलून ‘अकाउंटंट’ करणं किंवा काही वर्षं गाळणं चालत नाही. ईपीएफओच्या सर्व्हिस हिस्टरीत प्रत्येक कंपनीत रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख दिसते, रिलीव्हिंग लेटरवर पदनाम असतं, आणि शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपत्रकांवर पगार. पडताळणीत यातलं एक जुळलं नाही तरी हातात आलेली ऑफर परत जाऊ शकते. शिवाय पत्रात उघडपणे ‘मी मॅनेजर आहे’ लिहायचं आणि रेझ्युमेत वेगळं दाखवायचं, हे एकमेकांच्या विरोधातच जातं.

ईमेल पाठवताना पत्र मेलच्या मजकुरातच ठेवलं आणि रेझ्युमे पीडीएफ करून जोडला. वेगळी जोडलेली पत्राची फाइल अनेकदा उघडलीच जात नाही, आणि या अर्जात पत्र न वाचता रेझ्युमे पाहिला गेला तर अर्ज तिथेच संपतो. विषयाच्या ओळीत पदाचं नाव, ‘नाशिक’ आणि ‘३० दिवसांत उपलब्ध’ एवढंच.

एचआरचा फोन आला की पहिला प्रश्न तोच असतो: मॅनेजर आहात, मग हे पद का? तिथे पत्रातलीच दोन कारणं, त्याच क्रमाने, तीन-चार वाक्यांत सांगायची. फोनवर एखादं तिसरं, नवं कारण निघालं तर पत्रातली दोन्ही संशयात येतात. दुसरा प्रश्न सध्याच्या पगाराचा. तो आकडा पगारपत्रकावर आहे तसाच सांगायचा, आणि लगेच घरी काढून ठेवलेला, किमान किती लागेल तो हातातला आकडा. पत्रात तो नव्हता, पण इथे विचारल्यावर टाळाटाळ करायची नाही.